सत्तर लाख आणि चार कामं: पेबॅक एक सांगतो, पीआय दुसरंच

वैशाली_टॉवेल (सोलापूर)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. विणकाम, डाइंग आणि शिलाई सगळं एकाच आवारात. यंदा नव्या कामांसाठी हातात ७० लाख आहेत, ५० बँकेचं टर्म लोन आणि २० घरचे. यापुढे एक रुपया नाही. कारखान्याची जागा आधीच बँकेच्या कॅश क्रेडिटला तारण आहे आणि राहतं घर तारण ठेवायचं नाही हे सासऱ्यांनी ठाम सांगितलंय. त्यामुळे ही मर्यादा पक्की धरा.

कामं चार आहेत. आकडे लाखांत, सगळे खर्च वजा जाऊन दरवर्षी हाती राहणारे:

सोलर, ६० किलोवॅट: खर्च ३०, दरवर्षी बचत ६.५, आयुष्य २० वर्षं.
दोन सेकंडहँड रेपियर लूम: खर्च ४०, दरवर्षी १२, आयुष्य ८ वर्षं.
टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, म्हणजे हेमिंगच्या, दोन ऑटोमॅटिक मशीन: खर्च २०, दरवर्षी ८, पण फक्त ४ वर्षं, कारण ज्या खरेदीदारासाठी घ्यायच्या त्याचा करारच तेवढा आहे.
वापरलेल्या वाफेचं गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बॉयलरला परत आणणं: खर्च १०, दरवर्षी ३, आयुष्य १० वर्षं.

धाकटे दीर पेबॅकवर जातात. हेमिंग अडीच वर्षांत वसूल, लूम आणि कंडेन्सेट दोन्ही ३ वर्षं ४ महिन्यांत, सोलर ४ वर्षं ७ महिन्यांत. म्हणजे सोलर सोडून बाकी तिन्ही, बरोबर ७० लाख.

मी १२ टक्क्यांनी एनपीव्ही काढला, म्हणजे पुढच्या सगळ्या बचतीची आजची किंमत वजा खर्च. सोलर १८.५५, लूम १९.६१, हेमिंग ४.३०, कंडेन्सेट ६.९५. भांडवल अपुरं असेल तर पीआयने, म्हणजे बचतीची आजची किंमत भागिले खर्च, क्रम लावा असं वाचलं होतं, म्हणून तोही काढला: कंडेन्सेट १.७०, सोलर १.६२, लूम १.४९, हेमिंग १.२१. आता वरून घेत गेले तर कंडेन्सेट आणि सोलर मिळून ४० झाले, उरलेल्या ३० मध्ये लूम बसत नाहीत, म्हणून हेमिंग. एकूण ६० लागले, १० पडून.

आणि बेरीज केली तेव्हा चक्रावलेच. दिरांच्या यादीचा एनपीव्ही ३०.८६, माझ्या पीआयच्या यादीचा २९.८०. जी पद्धत बरोबर म्हणून सांगतात ती मागे कशी पडली?

---

सुताचा_व्यापारी (सोलापूर)

वैनी, तुमच्या दिरांचं बरोबर हाय की ओ. पैसा परत कधी येतो ते बघायचं, बाकी सगळा कागदाचा खेळ. वीस वर्षांनी सोलर काय करणार ते आज कोण सांगणार? सुताचा भाव सहा महिन्यांत कुठल्या कुठं जातो आपल्याकडं. जो पैसा अडीच वर्षांत मोकळा होतो तो परत फिरवता येतो. भांडवल कमी असलेल्याला पैसा फिरवण्यातच कमाई असते.

---

सीए_इंटर_दुसरा_ग्रुप (पुणे)

ताई, चारपैकी एकच निवडायचं असेल तर पीआय बघू नका, सरळ ज्याचा एनपीव्ही मोठा ते घ्या. म्हणजे लूम, १९.६१. एकमेकांना पर्याय असलेल्या प्रकल्पांत पीआय फसवतो, कारण छोटा प्रकल्प टक्केवारीत मोठा दिसतो.

---

वैशाली_टॉवेल

एकच नाही निवडायचं. चारही एकमेकांपासून सुटे आहेत, जितके बसतील तितके घ्यायचेत. अडचण फक्त ७० लाखांची आहे.

---

हिशेबनीस (सोलापूर, सध्या नाशिक)

वैशालीताई, तुमची गणितं तपासली, चारही एनपीव्ही बरोबर आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला पडताळायचं असेल तर सोलरसाठी शीटमध्ये एवढंच टाका:

```
=PV(12%,20,-6.5)-30
```

१८.५५ येईल. एनपीव्हीचं फंक्शन वापरणारे बरेच जण आजचा खर्चही त्याच रांगेत आत घेतात, मग खर्चासकट सगळी रांगच एक वर्ष पुढे ढकलली जाते आणि उत्तर चुकतं. पीव्ही वापरलं की तो प्रश्नच येत नाही.

आता मुख्य गोष्ट. पीआय म्हणजे गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे आज किती मूल्य मिळतं. ज्या वस्तूची टंचाई आहे तिच्या दर नगामागे मिळकत मोजायची, हा विचार अगदी योग्य आहे. पण क्रम लावून वरून उचलत जाणं तेव्हाच चालतं जेव्हा शेवटचा प्रकल्प हवा तेवढा कापून घेता येतो. तुमच्या यादीत तिसऱ्या नंबरला लूम आले, ३० लाख उरले आणि पाऊण भाग लूम घेता येत नाहीत. तिथे पीआयची साखळी तुटली. तिने १० लाख रिकामे सोडले, आणि ते फार महागात पडले.

लूम खरंच कापता आले असते तर कंडेन्सेट, अख्खा सोलर आणि लूमचा पाऊण हिस्सा मिळून ४०.२१ झाले असते. ही तुमची वरची मर्यादा समजा. ७० लाखांत याच्या पुढे कुणीही जाऊ शकत नाही.

प्रकल्प कापता येत नसतील तर क्रम विसरा आणि जोड्या मांडा. प्रत्येक काम घ्यायचं किंवा सोडायचं, म्हणून चार कामांच्या एकूण १६ जोड्या, त्यातल्या ७० च्या आत बसणाऱ्या हाताने मोजता येतात. ज्यांत पैसे उगाच उरतात त्या सोडून दिल्या की तीनच राहतात. लूम, हेमिंग, कंडेन्सेट: ३०.८६. सोलर, हेमिंग, कंडेन्सेट: २९.८०. आणि सोलर अधिक लूम, बरोबर ७० लाख: ३८.१६.

दिरांची यादी तुमच्यापेक्षा पुढे गेली ती पेबॅकमुळे नाही. तिने सगळे पैसे वापरले म्हणून गेली. तिसरी जोडी दोघांच्याही यादीत आली नाही, कारण पेबॅकला सोलर शेवटचा वाटतो आणि पीआयला कंडेन्सेट पहिलं वाटतं.

---

वैशाली_टॉवेल

हे डोक्यात आलंच नव्हतं. पण सगळ्यात जास्त पीआयचं कंडेन्सेट सोडून द्यायचं, हे मनाला पटवायला जड जातंय.

आणि दरवर्षीचा पैसा आजच्या किमतीत आणून काढलेला डिस्काउंटेड पेबॅक? दिरांना वाटतं त्याने पेबॅकचा दोष जातो. मी काढला तर हेमिंग ३ वर्षं २ महिने, लूम आणि कंडेन्सेट साडेचार वर्षं, सोलर ७ वर्षांच्या थोडं पुढे.

---

हिशेबनीस

क्रम तोच राहिला ना? तो राहणारच. दरवर्षी सारखीच रक्कम येत असेल आणि सगळ्यांना एकच दर लावला तर साधा आणि डिस्काउंटेड पेबॅक नेहमी एकाच ओळीत उभे राहतात. लूम आणि कंडेन्सेट बघा, साध्यात बरोबरीत होते, डिस्काउंटेडमध्येही बरोबरीत. एकाचं आयुष्य ८ वर्षं आणि दुसऱ्याचं १० हे दोघांनाही दिसत नाही. म्हणून निवडीचा क्रम लावायला त्याचा इथे काही उपयोग नाही.

उपयोग आहे तो दुसरीकडे. तो आकडा आयुष्याशेजारी ठेवून बघा. सोलरला व्याजासकट सुटायला ७ वर्षं, आयुष्य २०. मधली १३ वर्षं सुरक्षिततेची. हेमिंगला ३ वर्षं २ महिने, करार ४ वर्षांचा. मध्ये फक्त १० महिने. खरेदीदाराने चौथ्या वर्षी ऑर्डर थांबवली तर तीन वर्षांच्या आठ-आठ लाखांची आजची किंमत १९.२१ होते आणि खर्च २० आहे, म्हणजे तोटा. दिरांना जे काम सर्वांत सुरक्षित वाटतंय त्याच्याच पायाखाली सर्वांत कमी जागा आहे. पेबॅक जोखीम मोजतो असं म्हणतात, पण इथे तो नेमकी उलटी खूण करतोय.

---

सुताचा_व्यापारी

साहेब, कराराचं मान्य. पण माझ्या मुद्द्याला उत्तर नाही मिळालं. लूम-हेमिंग-कंडेन्सेट घेतलं तर वर्षाला २३ लाख हातात. सोलर-लूम घेतलं तर साडेअठरा. साडेचार लाख दरवर्षी जास्त येतात ते परत धंद्यात घातले तर? भांडवल पुढच्या वर्षीही कमीच असणार हाय, काय एकदम वाढणार नाही.

---

हिशेबनीस

हा मुद्दा कागदाचा खेळ नाही, खरा आहे, आणि एका वर्षाचा पीआय त्याला उत्तर देत नाही. म्हणून मोजूनच बघू.

तुमच्या यादीत पहिली चार वर्षं साडेचार लाख जास्त येतात. पाचव्या वर्षापासून उलटं होतं, कारण हेमिंग संपतं आणि सोलर चालू राहतो, १५ विरुद्ध साडेअठरा. त्या चार वर्षांच्या जादा पैशाची आजची किंमत १३.६७ लाख. आणि तुमची यादी मागे आहे ७.३० लाखांनी. म्हणजे तो प्रत्येक जादा रुपया लगेच अशा कामात जायला हवा जिथे पीआय १.५३ च्या वर आहे, तरच तुम्ही जिंकता. फिरवणं म्हणजे सुताचा साठा वाढवणं किंवा उधारी वाढवणं नव्हे.

वैशालीताई, तुमच्याकडे दरवर्षी १.५३ च्या वरची नवी कामं रांगेत उभी असतात का, हे तुम्हीच सांगू शकता. असतील तर हे साहेब बरोबर ठरतील. एक लक्षात ठेवा, सोलर-लूम घेतलं तरी हप्ता भरून उरेल त्यातून पुढे कंडेन्सेट करता येईलच. पाणी तोवर गटारात जाईल, पण काम हातातून जात नाही.

---

जुना_मॅनेजर (सोलापूर)

बँकेत आयुष्य गेलं म्हणून एक बोलतो. ५० लाख टर्म लोन, धरा साडेदहा टक्के, पाच वर्षं. हप्ता महिन्याला १ लाख ७ हजारांच्या घरात, वर्षाला १२.९ लाख. नव्या कामांच्या पैशातूनच हप्ता जायचा असेल तर सोलर-लूमचे साडेअठरा म्हणजे १.४३ पट, पाचही वर्षं सारखे. दिरांच्या यादीत चार वर्षं १.७८ पट आणि पाचव्या वर्षी हेमिंग गेलं की १५ लाख, म्हणजे १.१६ पट. फाइल बघणारा माणूस पाचव्या वर्षापाशीच थांबेल.

मूल्य किती ते एनपीव्ही सांगतो, हप्ता भरता येईल का ते वेगळं बघावं लागतं. पेबॅकने ते बघितलं असं समजू नका. आणि हे सगळं पहिल्या महिन्यापासून पैसा येईल असं धरून आहे. सेकंडहँड लूम बसून कापड नीट निघेपर्यंत चार-सहा महिने जातात, तेव्हा हप्त्याला सुरुवातीची सवलत मागून घ्या.

---

होटगीरोडकर (सोलापूर)

ताई, आमच्या चादरीच्या कारखान्यावर सोलर बसवला म्हणून सांगतो. कोटेशनमध्ये सगळं होतं, छपराचं सोडून. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे होते. बसवणाऱ्याचा माणूस वर चढला, दोन पावलं टाकली आणि खाली उतरून म्हणाला यावर काम होणार नाही. पत्रे बदलून कलर कोटेड टाकावे लागले, काही ठिकाणी ट्रसला जादा पट्ट्या वेल्ड केल्या. आमचे साडेतीन-चार लाख वेगळे गेले. वर दोन-तीन दिवस शेड उघडं म्हणून लूम बंद, तो तोटा निराळाच.

दुसरं म्हणजे धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि शेजारी सायझिंग असेल तर पॅनेल लवकर झाकोळतात. धुवायला पाणी आणि माणूस धरा.

---

हिशेबनीस

होटगीरोडकर, फार महत्त्वाचं सांगितलंत. चार लाख वाढले तर सोलर ३४ चा होतो, एनपीव्ही १४.५५ वर येतो, तरीही चांगला. पण सोलर आणि लूम मिळून ७४ होतात आणि ती जोडी ७० मध्ये बसतच नाही! भांडवल अपुरं असताना खर्चाचा अंदाज थोडा चुकला की नुसता एनपीव्ही कमी होत नाही, अख्खी निवड कोसळते. एकही रुपया न उरणाऱ्या जोडीत हा धोका कायम असतो.

वैशालीताई, तुमच्या शेडवर काय आहे? आणि सोलर ६० किलोवॅटचाच का? चारही कामांत खरं कापता येणारं काम तेच आहे.

---

वैशाली_टॉवेल

लूमच्या जुन्या शेडवर सिमेंटचेच पत्रे आहेत. डाइंगची शेड नवी आहे, कलर कोटेड, साडेचार हजार स्क्वेअर फूट. ६० हा आकडा बसवणाऱ्याने दिला, दोन्ही शेड मिळून. नुसत्या नव्या शेडवर ४० बसेल असं तो म्हणाला होता, पण तेव्हा मोठाच घेऊ म्हणून मी लक्ष दिलं नाही.

---

हिशेबनीस

मग गणितच पालटलं. ४० किलोवॅट म्हणजे २० लाख, पत्रे बदलायचे नाहीत. आता कंडेन्सेट १०, लूम ४०, सोलर २०, बरोबर ७०. एनपीव्ही ६.९५ अधिक १९.६१ अधिक सोलरचे दोन तृतीयांश, म्हणजे १२.३७. एकूण ३८.९३. सोलर-लूमच्या ३८.१६ पेक्षा थोडा जास्तच, आणि तुम्हाला सोडवत नव्हतं ते कंडेन्सेटही आत आलं. वरच्या मर्यादेपासून, म्हणजे ४०.२१ पासून, तुम्ही फक्त सव्वा लाख खाली आहात. छोट्या प्लांटचा दर किलोवॅटमागे थोडा चढा असतो, तेवढा विचारून घ्या.

कागदावर क्रम लावायच्या आधी कुठलं काम तुकड्यांत करता येतं ते शोधलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी पीआय नापास होतो तो एवढ्याचसाठी.

---

वाफ_आणि_पाणी (चिंचोली एमआयडीसी)

सगळे सोलरमागे लागलेत, कंडेन्सेटचे ३ लाख कुणी विचारलेच नाहीत. मी बॉयलरचीच कामं करतो. ढोबळ नियम असा की फीडवॉटर दर ६ अंशांनी गरम मिळालं की इंधन सुमारे १ टक्का वाचतं. ३० अंशांचं पाणी ८४ वर गेलं तर ९ टक्के. ताईंचं ब्रिकेटचं बिल वर्षाला ३३ लाखांच्या आसपास असेल तर ३ लाख जुळतात.

पण कंडेन्सेट परत येतं ते कॉइल, ड्रायर, सिलिंडर अशा ठिकाणाहून, जिथे वाफ नळीच्या आतून जाते. डाइंगच्या मशीनमध्ये वाफ थेट पाण्यात सोडत असाल तर ती तिथेच मिसळली, तिचं काही परत येत नाही. डाइंगमागच्या गटारापाशी जाऊन बघा. ड्रायरच्या ट्रॅपमधून, म्हणजे वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या झडपेतून, स्वच्छ पाणी फसफसत पडतंय आणि वर वाफेचा पडदा उभा आहे, ते तुमचे पैसे. रंगीत गरम पाणी वाहतंय ते नव्हे. आणि ज्याला कंडेन्सेट समजतो ते कधी कधी ट्रॅप खराब झाल्याने फुकट जाणारी वाफ असते. ते काम १० लाखांचं नाही, ट्रॅप बदलण्याचं आहे.

---

वैशाली_टॉवेल

ब्रिकेटचं बिल ३४ लाख, जवळपास तेवढंच. दोन ड्रायर कॉइलवर आहेत. डाइंगच्या मशीनपैकी एक थेट वाफेवर आहे, बाकी हीट एक्स्चेंजरवाल्या. म्हणजे सगळी वाफ धरून चालणार नाही. २.४ लाख वाचतील असं धरलं तर कंडेन्सेटचा एनपीव्ही ३.५६ येतो आणि पीआय १.३६. पहिल्या नंबरवरून एकदम तिसऱ्यावर!

---

वाफ_आणि_पाणी

त्या एका मशीनला वाफ किती जाते ते मोजल्याशिवाय २.४ म्हणू नका आणि ३ पण म्हणू नका. एक शिफ्ट ड्रायरचं पाणी पिंपात भरून मोजलं तरी अंदाज येतो.

---

सीए_इंटर_दुसरा_ग्रुप

आता प्रश्न नीट कळला. एक शंका. हे सगळं टॅक्सच्या आधीचं आहे ना? सोलरला घसारा ४० टक्के आणि साध्या मशिनरीला १५ टक्के. टॅक्सनंतर मोजलं तर सोलर आणखी वर जाईल.

---

हिशेबनीस

दिशा बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे. घसाऱ्याने वाचलेला टॅक्स सोलरला लवकर मिळतो हे खरं. पण विजेची बचत म्हणजे कमी झालेला खर्च, त्यामुळे नफा वाढतो आणि त्यावर वीस वर्षं टॅक्सही लागतो. शिवाय दरही टॅक्सनंतरचा घ्यावा लागेल. चारही कामं एकाच पद्धतीने करा आणि मग तुलना करा. एक टॅक्सनंतर आणि तीन टॅक्सआधी असं मिसळलं की क्रमाला अर्थ राहत नाही.

---

सुताचा_व्यापारी

मला एक सांगा, सोलरचे साडेसहा लाख कुठून आले? आमच्या शेजारच्या लूमवाल्याचं बिल यंत्रमागाच्या सवलतीच्या दरानं येतं. सवलतीची वीज वाचवून कसली आलीय एवढी बचत?

---

हिशेबनीस

आजच्या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रश्न. साठ किलोवॅट, किलोवॅटला दिवसाला चार युनिट, वर्षाचे ३४० दिवस, म्हणजे ८१,६०० युनिट. त्याला ८ रुपये लावले की साडेसहा लाख. आठ रुपये कुठल्या मीटरचे, वैशालीताई?

कारण आता प्रश्न एवढाच उरलाय. कंडेन्सेट आणि लूम दोन्ही याद्यांत आहेत. भांडण आहे उरलेल्या २० लाखांचं, ४० किलोवॅट सोलर की हेमिंग. ४० किलोवॅटचे वर्षाला ५४,४०० युनिट. युनिटमागे ६ रुपयेच वाचले तर बचत ३.२६ लाख, एनपीव्ही ४.३८. हेमिंगचा ४.३०. दोघं समोरासमोर! सहाच्या वर सोलर, सहाच्या खाली हेमिंग. दहा महिन्यांची ती अरुंद जागा लक्षात घेता सहालाही मी सोलरच धरीन, पण ते माझं मत.

---

वैशाली_टॉवेल

मीटर दोन आहेत. लूमच्या शेडला यंत्रमागाचा दर, डाइंग आणि शिलाईला साधा औद्योगिक. बसवणाऱ्याने दोन्ही बिलं एकत्र करून साधा औद्योगिक दर सगळ्याला लावलेला दिसतोय. नवी शेड डाइंगचीच आहे, म्हणजे ४० किलोवॅट त्याच मीटरला जोडता येईल. तिथे मात्र वर्षाला ५४,४०० युनिट लागतात का ते बघावं लागेल. रविवार आणि सुट्टीला डाइंग बंद असतं.

---

जुना_मॅनेजर

त्या मीटरचा मंजूर भारही बघा. नेट मीटरिंगमध्ये सोलरची क्षमता मंजूर भाराच्या वर नेता येत नाही. भार ३५ किलोवॅट असेल तर ४० चा विचारच थांबला, नाहीतर आधी भार वाढवून घ्यावा लागेल.

---

होटगीरोडकर

अजून एक. लूम वाढले की टॉवेल वाढणार, मग हेम कोण मारणार? लूमच्या १२ लाखांत बाहेरची शिलाई धरलीय का?

---

वैशाली_टॉवेल

धरलीय, बाहेरच्या नगाच्या दराने. पण खरं आहे, लूम घेतले तर हेमिंग मशीनला आणखी काम मिळेल आणि बाहेर जाणारे पैसे वाचतील. दीर म्हणतात आठचे नऊ होतील.

---

हिशेबनीस

म्हणजे हे दोन प्रकल्प एकमेकांपासून सुटे नाहीत, आणि पीआयच्या क्रमाचं दुसरं गृहीतकही गेलं. नऊ धरले तर हेमिंगचा एनपीव्ही ४.३० वरून ७.३४ होतो, आणि सोलरला बरोबरी करायला युनिटमागे ६ नव्हे, ६ रुपये ७३ पैसे वाचायला हवेत. जोडी म्हणूनच मोजा, सुटं मोजून बेरीज करू नका.

पण तो नववा लाख लूमच्या टॉवेलांतून येतोय, खरेदीदाराच्या करारातून नाही. मग चार वर्षांनी करार संपला तरी मशीन लूमसाठी चालूच राहतील ना? त्यांचं आयुष्यही चार वर्षांवर का थांबवायचं? दिरांना हे विचारा. पाचव्या वर्षापासून पुढे वर्षाला तेवढा एक लाख जरी धरला तरी आकडा हलेल.

---

सुताचा_व्यापारी

बघा, हेमिंग परत आलं की नाही!

---

वैशाली_टॉवेल

दीर हा धागा वाचतायत, त्यांनाही तेवढंच हवं होतं. गुरुवारी डाइंगच्या मीटरची बारा महिन्यांची बिलं काढते, युनिट, दर आणि मंजूर भार इथे टाकते. ड्रायरचं पाणी पिंपात मोजायला भावोजी उद्याच उभे राहणार आहेत. लूमची बोली महिनाअखेर संपते, तेव्हा निदान त्या ४० लाखांचं तरी पक्कं करावं लागेल. हिशेबनीस काका, लूम आता घेऊन उरलेल्या ३० चा निर्णय दोन महिने थांबवला तर मोजणीत काय बदलेल?

---

हिशेबनीस

लूम तुमच्या पहिल्या तिन्ही चांगल्या जोड्यांत आहेत, म्हणून ते आधी घेतल्याने दार बंद होत नाही. दोन महिन्यांत बदलेल ते एवढंच की बँक लोन टप्प्यात सोडते का आणि न उचललेल्या रकमेवर काही आकारते का. ते जुने_मॅनेजर सांगतील. बिलं टाका, मग पुढचं मोजू.